तीन तोळ्यांचं अंडं

नवापुरात त्या उन्हाळ्यात अशी बोंब होती की धनुबाईनं डाकबंगल्यातलं सोनं उडवलं आणि पहाटे सोनाराकडे जाऊन गुपचूप तोलून घेतलं. तो सोनार मी. तेव्हा माझ्याच तोंडून ऐका: माझ्या तराजूत त्या पहाटे सोनं नव्हतं, अंडं होतं. ही गोष्ट मी आठ दिवस कुणाला सांगितली नाही. कारण चोरीचा आळ एकवेळ पुसता येतो, पण सोन्याच्या काट्यात अंडं ठेवलं हे माझ्या बायकोला, मंगलाबाईला, कळलं असतं, तर मलाच डाकबंगल्यात राहायला जावं लागलं असतं.

धनुबाई रनाळे गावची लेक, आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या त्या डाकबंगल्याच्या आवारातली. तिचा नवरा लोटन तिथला खानसामा. माघात तो तापानं गेला. तिनं कुणाला न विचारता दुसऱ्या दिवसापासून त्याची चूल पेटवली. बंगल्याचा कारकून नथ्थू दोन महिने काही बोलला नाही, कारण आलेल्या साहेब लोकांना जेवण मिळत होतं. पण त्याचा शालक सुरतेला एका हॉटेलात कामाला होता, आणि नथ्थूच्या डोळ्यांत ती जागा कधीपासून भरली होती. जागेबरोबर आवारातली एक खोली होती. त्या खोलीत धनुबाईची सासू रूपलीबाई राहायची. तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नसे, तरी विहीर, चूल, उंबरा सगळं हातानं ओळखीचं. त्या म्हातारीला दुसऱ्या कुठल्या घरात नेणं म्हणजे तिला दुसऱ्यांदा आंधळी करणं.

चैत्र संपता संपता रेल्वेच्या पुलाची पाहणी करायला एक गोरा साहेब आला. मुक्काम पाच दिवस. त्याला सकाळी दोन अंडी लागत: आतला बलक चमच्यानं ओघळला पाहिजे, पण पांढरं घट्ट. त्यासाठी त्यानं स्वतःचं वाळूचं घड्याळ धनुबाईच्या हातात दिलं. एकदा उलटवायचं, वाळू खाली आली की अंडं बाहेर. तीन मिनिटं.

सोमवारी वाळू संपताक्षणी तिनं अंडी काढली. साहेबानं फोडलं तर बलकाजवळचं पांढरं शेंबडासारखं. ताटली परत आली. मंगळवारी तिनं शहाणपणा केला, घड्याळ संपल्यावर अजून निम्म्या वाळूइतकं ठेवलं. त्या दिवशी बलक खडूसारखा. साहेब उठला आणि नथ्थूला काहीतरी बोलला. नथ्थूनं ते आनंदानं मराठीत आणलं: "शुक्रवारपर्यंत अंडं जमलं नाही, तर सुरतेचा माणूस बोलव म्हणाला साहेब."

संध्याकाळी ती माझ्या ओट्याशी आली. डोळे सुजलेले.

"सोनारदादा, मन्हा हातले काय व्हयनं, समजत नही. एक दिन कच्चं, एक दिन दगड."

"वहिनी, तुझ्या हाताला नाही, साहेबाच्या दाताला काहीतरी झालंय," मी म्हणालो. ती हसली नाही. मी असं कुणाला हसवायला गेलो आणि ते हसलं नाही, की मला लाज वाटते. फार वेळा नाही, पण वाटते.

बुधवारी तिनं पुन्हा एकच घड्याळ धरलं. साहेबाच्या ताटलीत एक अंडं कच्चं निघालं आणि दुसरं बरं. एकाच पातेल्यात, एकाच वाळूत. दोन्ही टरफलं पदरात घेऊन ती धावत माझ्याकडे आली.

"दोन्ही एकच पानीमा व्हतात. मंग हाई असं कसं?"

मी टरफलं पाहिली. एक पारशी दुकानदाराच्या विलायती कोंबडीचं, मोठं, पांढरं. दुसरं गावठी, तांबूस, लिंबापेक्षा थोडंसं मोठं. आता माणूस सोनार असला की त्याला वजनाशिवाय काही सुचत नाही. "उद्या पहाटे ये," मी म्हणालो, "मंगलाबाई उठायच्या आत."

गुरुवारी साहेब उजाडायच्या आत रुळावर गेला होता, न्याहारी नव्हती. तिच्याजवळ चार गावठी आणि दोन विलायती अंडी. काट्यात गावठी सव्वातीन तोळे, विलायती पाच तोळे. "सोन्यासारखं कसोटीवर घासून बघू का?" मी म्हणालो. तिनं ऐकलंच नाही.

"सोमवारना दोन्ही मोठा व्हतात," ती हळू म्हणाली. "मंगळवारना बारका."

म्हणजे चुकत होती ती वाळू नव्हे, अंडं बदलत होतं. मोठ्याला आतपर्यंत ताप पोचायला वेळ जास्त. इथपर्यंत मीही शहाणा. पण तिला अजून एक शंका होती. मंगळवारची अंडी शनिवारच्या बाजारातली, टोपलीत उन्हात राहिलेली, तशीच उकळत्या पाण्यात गेली होती. बाकीची ती ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माठात ठेवायची. म्हणून तिनं काट्यात अगदी सारखी उतरणारी दोन गावठी अंडी निवडली. एक माठात ठेवलं, एक ओट्यावर उन्हात. दहाच्या सुमारास दोन्ही एकदम उकळत्या पाण्यात सोडली, एक घड्याळ वाळू, मग लगेच थंड पाण्यात, म्हणजे आत शिजणं थांबावं. माठातलं फोडलं: पांढरं घट्ट, बलक सुरेख ओघळता. उन्हातलं: बलक कडेनं बसलेला, मध्ये चिकट. ती दोन्ही तिनं रूपलीबाईला खाऊ घातली. म्हातारी म्हणाली, दोन्ही चांगली.

मग काय राहिलं? उरलेली दोन गावठी अंडी माठात गार करायची, आणि वाळू एकदा. पण ती माठात जायच्या आतच दुपारी कुत्रं स्वयंपाकघरात शिरलं आणि ती दोन अंडी गेली. बाजार शनिवारचा. पारशाकडे कोंबड्या खुडूक, अंडी देत नव्हत्या. उरली दोन विलायती, माठात, गार.

शुक्रवारी पहाटे ती चुलीपुढे बसली होती. मी बाहेर, स्वयंपाकघराच्या खिडकीशी.

"सोमवारसारखी करशील तर कच्ची," मी म्हणालो. "वाळू संपल्यावर थोडं जास्त ठेव."

"थोडं म्हंजे किती, दादा? घड्याळमा थोडं लिखेल शे का? मंगळवारले बी मी थोडंच करेल व्हतं."

एका खोलीचं, एका म्हातारीचं सगळं त्या दोन गार टरफलांत. प्रयोगाला तिसरं नव्हतं. मग तिनं हिशेब उलटा केला. वाळू बदलायची नाही, अंड्याचा गारठा काढायचा. कोमट पाण्यात अंडी सोडली, पंधरा-वीस मिनिटांनी काढून गालाला लावली. "अजून गार शे." पुन्हा पाण्यात. पुन्हा गालाला. तिसऱ्यांदा तिनं मान डोलावली. अंडं ना गार ना ऊन, गालाइतकं. तिनं पळीनं ती उकळत्या पाण्यात सोडली आणि घड्याळ उलटवलं. वाळूकडे बघण्याचं धाडस मला झालं नाही, मी तिच्या हाताकडे बघत होतो.

वाळू संपली. थंड पाणी. ती ताटली घेऊन आवार ओलांडून गेली आणि मी खिडकीशीच उभा राहिलो. ती परत आली ती रिकाम्या हातानं, आणि भिंतीला टेकून खाली बसली. "खाई ऱ्हायना," ती म्हणाली. म्हणजे खातोय.

साहेबानं दोन्ही खरवडून खाल्ली. जाताना नथ्थूला म्हणाला, बाई राहू दे. घड्याळही तिलाच ठेवून गेला.

नथ्थू त्याच संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला. गुरुवारी पहाटे तिला माझ्या दारात पाहून चोरीच्या सोन्याची गोष्ट त्यानंच गावात सोडली होती, हे मी ओळखून होतो. धनुबाई पाणी घेऊन चालली होती. तिला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "अंडं उकळायला काय मोठी विद्या लागते? चूल आणि पाणी. माझा शालक झोपेत करील."

धनुबाई थांबली. घागर खाली ठेवली नाही.

"आना मंग तुमना शालकले. चूल मी पेटाडी दिसू, पानी मी ठेवी दिसू. अंडं तेले निवडू द्या."