फोटो काढला

आमची जाऊ बनाबाई. तिच्याबद्दल सांगायचं तर आधी माझ्याबद्दल सांगावं लागंल, कारण ती जशी हाय तशी म्या अजिबात न्हाय. म्या विठाबाई. माझं तोंड सुटलं की येडशीच्या टेसनावर गाडी थांबती म्हणतेत लोक. म्हणू देत. ज्याला तोंड हाय त्यो बोलतो.

बनी नळदुर्गची. तिचा बाप हायवेला ढाब्याशेजारी पंक्चर काढायचा. ट्रकवाले तिथं रोज भांडायचे, चाक खोलायची लोखंडी टामी घिऊन एकमेकाच्या अंगावर जायचे. बाप तिला सांगायचा, "भांडणात मधी उभं राहायचं न्हाय पोरी, मधल्यालाच पहिला दणका बसतो. बाजूला पाण्याचा तांब्या घिऊन उभं राहायचं." लगीन होऊन आली तवापसनं ती तशीच. अंगणवाडीत मदतनीस हाय. सकाळी गावातलं बुद्धविहार झाडती, दिवा लावती, मग खिचडी शिजवायला जाती. आमच्या दोघींचे मालक गेले. मला एक प्रसेनजित, तिला प्रेमानंद आन धाकटी संघप्रिया. दोघी शेतातच राहतो, मधी एक बांध.

आता त्या दिवसाचं सांगते. बुद्धपौर्णिमा तोंडावर आली व्हती. दुपारी मोबाइल वाजला. "आबाराव परिवार" म्हणून आमचा ग्रुप हाय. आबाराव म्हंजे आमचे सासरे, छप्पन साली दीक्षा घेतलेले, गावात विहार उभं केलेले. त्यांचा फोटो विहारात भितीला हाय. पुण्याचे, सोलापूरचे, मुंबईचे, समदे ग्रुपवर. त्यात प्रेमानंदनं लिहिलं:

"आबांचा फोटो विहारातून काढला."

बास. एवढंच. आन मोबाइल खिशात घालून गाडीला किक मारून गेला.

माझ्या प्रसेनजितनं ते वाचलं आन त्याच्या डोळ्यात रक्त उतरलं. का उतरू न्हाय? मागल्या वर्षी पौर्णिमेच्या बॅनरवर समद्यांचे फोटो व्हते, गावच्या टुकार पोरांचेबी व्हते, फकस्त माझ्या मालकाचा न्हवता. बॅनर प्रेमानंदनं केल्यालं. पोरगं वर्षभर ते गिळून बसलं व्हतं. बाप वगळला व्हता, आता आजाबी भितीवरनं काढला! त्यानं लिहिलं, "कुणाला विचारून काढला?"

प्रेमानंदचा जबाब आला, "विचारायचं कशाला? आबा माझे पण आजोबा आहेत."

"हात लावलाच कसा? हात तोडून देईन हातात."

"ये तोडायला. येडशीच्या स्टँडवर आहे."

आता ह्यात माणसानं तेल घालू न्हाय. पर आमचा परिवार काय साधा हाय? सोलापूरच्या नणंदेनं "हात तोडीन"च्या खाली अंगठा दाबला. नंतर म्हणती, वाचलं म्हणून दाबला. अगं भवाने, अंगठा म्हंजे शाबासकी! पुण्याचा भाचा, शिकलेला, त्यानं लिहिलं, "लहान मुलांसारखं काय भांडताय, शांत व्हा." त्यानं तर दोघंबी जास्तच पेटले. नणंदेच्या जावयानं न्यायनिवाडा दिला, "चूक प्रेमानंदची आहे." कुणी हात जोडल्याली चित्रं टाकली, कुणी सुविचार. आन म्या? मला लिहिता येत न्हाय, म्या बोलून पाठीवते. म्या बटन दाबून म्हणलं, "प्रेम्या, मुडदा बशिवला तुझा, माझ्या सासऱ्याला भितीवरनं खाली वढतोस व्हय रं? तुझ्या तोंडात माती पडली!" समद्यांनी ऐकलं. मुंबईच्या घरात चहा पिताना ऐकलं.

प्रेमानंदनं न्हाय ऐकलं. तवर प्रसेनजित स्टँडवर पोचला व्हता.

तिथं काय झालं ते लोकांनी सांगितलं. प्रसेनजितनं आधी प्रेमानंदच्या गाडीचा आरसा हातानंच फोडला. मग हेडलाइट. प्रेमानंद धावून आला, गचुरं धरलं, दोघं डांबरावर लोळले. रसवंतीवाल्यानं बादलीभर पाणी टाकलं तरी सुटंनात. मग प्रसेनजितच्या हाताला दगड लागला आन त्यो प्रेमानंदच्या कपाळावर बसला. भळाभळा रगत. लोकांनी वढून बाजूला केलं, एकाला दवाखान्यात न्हेलं, एक घराकडं पळाला.

दवाखान्यातनं प्रेमानंदनं रगतानं भिजल्याल्या शर्टाचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "संध्याकाळी विहारासमोर ये. एकटा ये नाहीतर गाव घेऊन ये."

मग काय इचारता! पुण्याच्या दोन पोरांनी लिहिलं, गाडी काढतोय, प्रेमादादाला हात लावणारा बघायचाय. माझ्या माहेरच्या भाच्यानं लिहिलं, आम्ही पण निघालो. मोबाइल नुसता वाजत व्हता. प्रसेनजितनं कोपऱ्यातली कुऱ्हाड काढली, वसरीत बसला आन दगडावर धार लावायला लागला. खर्र, खर्र. एक हात धारंवर, एक डोळा मोबाइलवर. म्या काय केलं? म्या आडवलं न्हाय. म्या म्हणलं, "बापाचा ल्योक असशील तर मागं सरू नगंस."

ऊन उतरायला लागलं. त्यो उठला. त्या घडीला मला पैल्यांदा भ्या वाटलं, खरं सांगते. आज एक पोरगं मरंल आन एक जेलात जाईल, आन दोन्ही आमचीच. म्या त्याचा सदरा धरला. त्यानं हिसका दिला, मी उंबऱ्यावर पडले. "सोड म्हणलं ना!" म्हणून आईवर वरडला.

आन मोबाइल एकदा वाजला. त्यानं सवयीनं बघितलं. मग तिथंच हुबा राहिला.

बनाबाईचं लिहिल्यालं व्हतं. ती ग्रुपवर कधीच काय लिहीत न्हाय, पौर्णिमेलासुदिक न्हाय. त्यानं मोठ्यानं वाचलं, का कुणास ठाऊक:

"प्रसेनजितच्या हाताला काच लागली आहे, ती काढून घ्यावी. प्रेमानंदच्या कपाळाला टाके पडले, तो शुद्धीवर आहे. आबांच्या फोटोवरून दोघांनाही लागलं आहे. दोघांचंही पूर्ण ऐकायचं राहिलं आहे. उद्या सकाळी आठला विहारात चहा ठेवते, तिथं बसून ऐकू. तोवर ह्या विषयावर इथं कुणी लिहू नये. मीही लिहिणार नाही. बनाबाई."

प्रसेनजितनं कुऱ्हाड धरल्याला हात उलटा केला. तळव्यात आरशाची काच रुतल्याली. कुऱ्हाडीचा दांडा लाल झाल्याला. मघापसनं त्यो धार लावत बसला व्हता, म्या समोर बसले व्हते, आन मला त्याचं रगत दिसलं न्हाय. आई म्या! आन जिच्या पोराचं डोस्कं फुटलं तिला दिसलं.

त्यो मटकन खाली बसला. "काढ," म्हणला. म्या चिमट्यानं काच काढली, हळद दाबली.

ग्रुपवर काय झालं बघा. कुणीतरी लिहायला लागायचं, वर "टाइप करत आहे" दिसायचं, आन बंद व्हायचं. परत कुणी, परत बंद. काय लिहिणार? कुणाच्या बाजूचं लिहावं तर तिनं बाजूच ठिवली न्हवती. "पण" न्हवता, "का" न्हवता, "चूक" न्हवती. "माझा" न्हवता, "तुझा" न्हवता. माझ्या पोराचं नाव आधी, तिच्या पोराचं मागनं. "शांत व्हा" असंबी म्हणली न्हाय ती. शांत व्हा म्हणलं की माणूस आजून पेटतो. नुसतं काय झालं ते, आन उद्या कुठं बसायचं ते. पुण्याच्या पोरांनी लिहिलं, "बरं काकू." गाडी टोलनाक्यावरनं मागं फिरली म्हणे. एकजण मधीच चुळबुळला, "पण काकू, चूक कुणाची?" तिनं जबाब दिला न्हाय. लिहिणार न्हाय म्हणली व्हती, न्हाय लिहिलं.

ते सोपं न्हवतं. संघप्रियानं मागनं सांगितलं. दवाखान्याच्या बाकावर बसून बनीनं आधी लिहिलं व्हतं, "माझ्या पोराचं रक्त सांडलं, आता तुमचं समाधान झालं का?" एका बोटानं, अक्षर अक्षर शोधून. मग वाचलं, आन अक्षर अक्षर पुसलं. प्रेमानंदचा मोबाइल बंद करून पिशवीत टाकला. शेजारच्या वस्तीवरनं फोन आला, प्रसेनजित कुऱ्हाडीला धार लावतोय म्हणून. भाईर जाऊन नळावर तोंड धुतलं. त्याची गाडी तिथंच वढून आणल्याली, तिच्या फुटक्या आरशावर रगत बघितलं. प्रेमाच्या हाताला तर काय झालं न्हवतं. मग परत बसून दुसरं लिहिलं.

सकाळी गेलो. रात्रभर पोरगं झोपलं न्हवतं, मीबी न्हाय. विहाराचं दार उघडं, चहाचा वास. प्रेमानंद भितीला टेकून, डोस्क्याला पट्टी. प्रसेनजितनं दारात पाय ठिवला आन थबकला.

आबांचा फोटो भितीवर व्हता. जिथं व्हता तिथंच. हार बी तोच.

"परत लावलास व्हय रं?" प्रसेनजित म्हणला.

"काय परत लावला?"

"फोटो. काढला व्हतास ना?"

"काढला की. मोबाइलवर काढला. बॅनरला पायजे म्हणून." प्रेमानंद डोळे फाडून बघाय लागला. "आरं... म्या फोटो काढला म्हणलं, तुला वाटलं फोटो काढला?"

एका शब्दावर पोराचं कपाळ फुटलं व्हतं. प्रसेनजित भितीला तोंड करून रडला, हुंदके देऊन, बाप गेला तवा रडला न्हवता तसा. मग म्हणला, "बॅनरवर माझ्या बापाचा फोटो का न्हवता?" वर्षभराचं ते तिथं भाईर पडलं. प्रेमानंद खाली मान घालून म्हणला, "इसरलो व्हतो दादा. कळलं तवा लाज वाटली, बोललो न्हाय." प्रसेनजित त्याच्या पट्टीकडं बघत राहिला. मग त्याच्या शेजारी जाऊन बसला.

म्या मातर चहाच्या चुलीपाशी बनीला गाठलं. रोज सकाळी ही विहार झाडती! कालबी झाडलं व्हतं. माझा पारा चढला.

"बने, तुला म्हाईत व्हतं फोटो भितीवर हाय म्हणून! तेवढं एकच लिहायचं न्हाय का ग्रुपवर? एका ओळीत मिटलं असतं!"

तिनं चहा गाळायचा थांबिवला न्हाय. "दवाखान्यात प्रेमाच्या मोबाइलात काढल्याला फोटो दिसला, तवा ध्येनात आलं अक्का. लिहिणारबी व्हते."

"मग?"

"मग समद्या परिवाराम्होरं प्रसेनजित येडा ठरला असता. पुण्याची पोरं हसली असती." तिनं माझ्या हातात कप दिला. "हातात कुऱ्हाड असल्याल्या माणसाला येडा ठरवू न्हाय अक्का. त्यो मग खरं करून दावतो."

म्या दुसराबी कप भरून घेतला आन दोन्ही पोरांना चहा दिला, आधी प्रेमानंदला.