शाईवाल्यांच्या बिलाची तारीख

माझी आत्या एकतीस वर्षं एकाच छापखान्यात बिलं नोंदवत होती. आधी वहीत, मग कॉम्प्युटरवर. लहानपणी शाळा सुटली की मी तिच्या टेबलाजवळ जाऊन बसायचे. पुरवठादार बिल घेऊन स्वतः यायचे, पाणी प्यायचे, घरचं सांगायचे. त्यातले एक काका शाई पुरवायचे; या शाईवाल्यांच्या बिलाच्या कोपऱ्यावर त्यांच्या अंगठ्याचा निळा डाग हमखास असायचा.

पुढे बिलं ईमेलने येऊ लागली. माणसं यायची थांबली.

आत्याच्या निवृत्तीला चार महिने उरले, तेव्हा मालकांनी मला बोलावलं. ऑफिसातली कामं आपोआप होतील असे प्रोग्रॅम लिहिणं हेच माझं काम. ईमेलला जोडलेलं बिल उघडून त्यातला मजकूर वाचायचा, स्कॅन असेल तर चित्रातली अक्षरं ओळखायची, आणि बिल नंबर, रक्कम, देय तारीख शीटमध्ये भरायची, असा प्रोग्रॅम मी लिहिला. शंका आली की ती ओळ पिवळी.

पारख करायला गेल्या वर्षीची तीनशे बारा बिलं त्यातून काढली आणि आत्याच्या शीटशी ताडून पाहिली. तेरा ओळी जुळेनात.

"बघू तुझा शहाणा," म्हणत आत्याने चष्मा चढवला.

नऊ चुका माझ्या निघाल्या. कुठे मालासोबत येणाऱ्या चलनाचा नंबर बिलाचा म्हणून उचललेला, कुठे मागची बाकी धरून रक्कम घेतलेली. एका ठिकाणी दिवस-महिना उलटून पाच जूनचा सहा मे झालेला. आत्या खूश!

उरलेली चारही बिलं शाईवाल्यांची. बिलावर छापलेल्या देय तारखेपेक्षा आत्याची तारीख दहा दिवस आधीची.

"आत्या, या मात्र तुझ्या चुका."

तिने चष्मा काढला. मग म्हणाली, "चुका नाहीत गं. त्यांच्या बायकोचं आजारपण चालू होतं. मागणं त्यांच्या स्वभावात नाही. मी मालकांना विचारलं, ते म्हणाले, दे लवकर. मग तारीखच आधीची घातली. तुझ्या यंत्राला हे कुठून कळणार?"

"त्याला कळायला नकोच," मी म्हणाले. "बिलावर आहे तेच त्याने लिहावं. तुझं आपण वेगळं ठेवू."

देय तारखेशेजारी मी नवा रकाना काढला: 'प्रत्यक्ष द्यायची तारीख'. तो प्रोग्रॅम भरत नाही, माणूस भरतो. आत्याच्या त्या चार तारखा तिथे हलवल्या आणि देय तारखेत बिलावरची घातली. चुकलेल्या नऊ बिलांसाठी नियम सुधारले, पुन्हा चालवलं, सगळं जुळलं.

शेवटच्या दिवशी आत्याने शाईवाल्यांना फोन लावला. काम काहीच नव्हतं. दोघं अर्धा तास बोलत बसली. जुन्या मशिनचा आवाज, कुणाच्या मुली कुठे असतात, गुडघे. मी शेजारी बसून ऐकत होते, आणि उठावंसंच वाटेना.