मशीन घेऊ नका म्हणणारा सेल्समन

गडमुडशिंगीच्या प्रसेनजीतला खोटं बोलता येत नाही असं कुणी म्हणू नये. दाढदुखीच्या नावाखाली त्यानं दहावीची अख्खी सहामाही बुडवली होती. पण समोरचा माणूस काही विकत घ्यायला उभा राहिला, की त्याच्या जिभेला अवेळी सत्य सुचतं. राजारामपुरीत मोबाईलच्या दुकानात तो दीड वर्ष काउंटरला होता. एका काकूंना म्हणाला, "ह्यो घेऊ नका काकू, लई तापतोय. भाकरी भाजायची असली तर घ्या." काकू हसल्या. मालक मागंच उभे होते. ते हसले नाहीत.

त्यानंतर आठ महिने तो घरी होता. सकाळी डेअरीला दूध घालायचं, दुपारी नोकऱ्यांच्या जाहिराती बघायच्या आणि संध्याकाळी विहारासमोरच्या कट्ट्यावर बसून, मला विकणं जमत नाही, हे मित्रांना अतिशय पटेल अशा शब्दांत सांगायचं.

म्हणून दूध काढायची मशीनं विकणाऱ्या कंपनीनं मुलाखतीला बोलावलं, तेव्हा घरात सगळ्यांनाच बरं वाटलं. ताराबाई पार्कातलं ऑफिस, पाच उमेदवार. सेल्स मॅनेजर उदयसिंह यांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला, खुर्चीवर एक पाय वर घेतला आणि जाहीर केलं, "मी आण्णा. माझ्या गोठ्यात सहा म्हशी. विका मला मशीन."

प्रसेनजीतनं सुरुवात झकास केली. वेळ किती वाचतो, दूध कसं स्वच्छ राहतं, सडांना कप कसे लावायचे, सगळं सांगितलं. आण्णा दाढी खाजवत ऐकत होते. मग म्हणाले, "पावणं, त्ये सगळं खरं. पर माझ्या म्हशी बायकोच्या हाताबिगर पान्हाच सोडत न्हाईत. मशीनला काय सोडत्यात?"

आणि प्रसेनजीत विसरला, की समोर आण्णा नाहीत.

"व्हय आण्णा," तो कळवळून म्हणाला, "आमचीबी तसलीच हाय. आईशिवाय कुणाला थेंब देत न्हाई. मग नका घेऊ."

बाकीचे चौघे इतके हसले, की शिपाई दारातून डोकावला. उदयसिंहांनी टॉवेल काढून टेबलावर ठेवला. "उद्या पाचपर्यंत प्रत्येकानं मला लिहून पाठवायचं. मी जी अडचण काढली, ती पुढच्या वेळी कशी हाताळणार ते. पडला त्याला माझी हरकत न्हाई, पडून काय शिकला ते बघायचंय. त्यावरच निवड." मग प्रसेनजीतकडे बघत म्हणाले, "तू तर मलाच पटवून दिलंस गड्या. तुझ्यापुढं काम जास्त हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्याच्या दारात बसून त्याची बहीण श्रुती फोनवरच्या एआयकडून लिहून घेतलेला मजकूर वाचून दाखवत होती. "ऐक. 'आण्णा, आपल्या भावना मी समजू शकतो. अनेक ग्राहकांना सुरुवातीला असंच वाटलं होतं. परंतु आमच्या अत्याधुनिक…'"

"कुणाच्या भावना?" आतून मीनाबाईंनी विचारलं. त्या म्हशीच्या कासेवर कोमट पाणी मारत होत्या. "म्हशीच्या?"

"आण्णांच्या, आई."

"त्येनं काय इचारलं हुतं?"

प्रसेनजीतनं सांगितलं. मीनाबाई सडांवरून सावकाश हात फिरवत राहिल्या. म्हैस रवंथ करायची थांबली, मग पुन्हा लागली. बादलीच्या तळाशी पहिली धार वाजली.

"मग त्येच्या बायकोला कोण इचारलं?"

श्रुतीनं फोनवरून मान वर केली.

"धार ती काढतीया, मशीन त्यो घेणार, आन् तू त्येच्याशीच बोलत बसलास. तिला इचार की, बाई, शेवटची माहेराला मुक्कामाला कवा गेलतीस. माझ्या भावाच्या पोरीचं लगीन झालं, मी जेवले न्हाई. एसटी धरून परत. का? ही बया तटून बसंल म्हणून."

"म्हणजे मशीन घ्यावं म्हणतीस?" श्रुती म्हणाली.

"मी कशाला म्हणू? मशीन लावल्यावर हिनं लाथ घातली, तर ह्यो कुठं असणार? ताराबाई पार्कात, पंख्याखाली." मीनाबाईंनी बादली सरकवली. "कडबाकुट्टीचं मशीन आणलं तवा आठवतंय का? पहिल्या दिशी हिनं दावं तोडलं. मग मी काय केलं? पेंडीचं आंबोण घातलं की लांब अंगणात कुट्टी नुसती चालू करायची. रोज जरा जवळ आणायची. आठ दिसांनी आवाज आला की हीच आंबोणाची वाट बघाय लागली."

प्रसेनजीतनं श्रुतीच्या हातातून फोन घेतला. मजकूर पुसला. मग दुपारपर्यंत लिहीत बसला. लिहायचा, श्रुतीला दाखवायचा, ती म्हणायची, "लांबलंय, निबंध न्हाई मागितला." चार वाजता हे गेलं:

"नमस्कार सर. काल आपण म्हणालात, म्हशी बायकोच्याच हाताला पान्हा सोडतात. मी लगेच मान्य केलं आणि 'घेऊ नका' म्हटलं. म्हशीचं खरं होतं, पण मी पुढं काहीच विचारलं नाही, ही चूक झाली. पुढच्या वेळी आधी विचारीन, वहिनी घरी नसल्या की काय होतं? आणि वहिनींना बोलवा म्हणेन, कारण मशीन त्याच वापरणार. मग सांगेन, पहिल्या दिवशी मशीन लावायचंच नाही. चार-पाच दिवस आंबोणाच्या वेळी मशीनचा पंप लांबून नुसता चालू ठेवायचा आणि धार हातानंच काढायची. नंतर सगळ्यात शांत म्हैस आधी घ्यायची. कास वहिनींनीच धुवायची, पान्हा त्यांच्याच हाताला सोडू द्यायचा आणि सड भरले की मगच कप लावायचे. बाकीच्या म्हशी त्यानंतर. एखादी रुळणारच नाही, हेही मी लपवणार नाही. तिची धार हातानंच काढायची. जमलं नाही तर मशीन परत घेऊ, असं मी म्हणणार नाही, कारण कंपनीचा नियम मला माहीत नाही. तो आधी आपल्याला विचारीन."

श्रुतीनं वाचलं. "'एखादी रुळणारच नाही' कशाला लिहिलंस? झालं. परत काकूंचा फोन तापला."

पाच वाजले. सहा वाजले. प्रसेनजीत कट्ट्यावर गेला नाही. सात वाजता फोन वाजला, तेव्हा त्यानं तो स्पीकरवर टाकला, कारण श्रुती कानाला कान लावायला आली होती.

"आण्णा बोलतोय," उदयसिंह म्हणाले. "कंपनी मशीन परत घेत न्हाई. आता सांग."

प्रसेनजीतनं आईकडं बघितलं. ती भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"मग तसंच सांगणार, आण्णा. परत घेत न्हाईत. पर कप लावल्यावर पहिले पाच दिवस सकाळ-संध्याकाळ मी गोठ्यात असणार. लाथ बसली तर आधी मला."

"आन् तरी न्हाई जमलं तर?"

"एक म्हैस न्हाई जमणार कदाचित. सहाच्या सहा न्हाई जमल्या, असं होईल असं वाटत न्हाई. पर वहिनी नको म्हणाल्या, तर मी ऑर्डरवर सही घेणार न्हाई."

मग उदयसिंहांनी आण्णांचा आवाज सोडला.

"बाकीच्या चौघांनी मला माझ्या भावना समजतात म्हणून लिहिलंय. शब्दसुद्धा तेच. सोमवारी ये. तीन महिने प्रोबेशन."

"हो सर. कुठला भाग, सर?"

"चंदगड."

"तिथं आपली किती मशीनं गेलीत, सर?"

"एकबी न्हाई. दोन सेल्समन गेलते, दोघांनी पहिल्याच दिवशी कप लावले. एकाचा पाय अजून नीट टेकत न्हाई. मुक्कामाची सोय तूच बघ, पाच-पाच दिवस राहणार म्हणालाईस."

फोन बंद झाला. श्रुतीनं भावाकडं बघितलं आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "तुझी दाढ दुखाय लागली का रं?"

"तिकडं पाऊस लई. रेनकोट बघा आधी घरात हाय का," मीनाबाई म्हणाल्या. त्यांनी भाकरी उलटली. "आन् गेल्यावर पहिल्यांदा बाईशी बोल."