ती म्हणाली ते, आणि मी लिहिलं ते

आमच्या कापड कारखान्याच्या ऑफिसला एक मोठी काच होती. काचेपलीकडे चेकिंग टेबलं होती. खालून दिवा लावलेल्या दुधी काचेवरून मशीनने ओढलेलं पांढरं कापड दिवसभर सरकत राही, आणि ते पाहता पाहता दुपारी माझी स्वतःचीच तंद्री लागे. वाटेतल्या धामणकर नाक्याचा गोंगाट कानात घेऊन आलेली मी, जेवणानंतरच्या त्या तासात जणू पाण्याखाली बसलेली असायचे.

अशाच एका दुपारी अकलोली गावाकडच्या मावशींना चौकशीला बोलावलं. पंधरा वर्षं त्या कापड तपासत होत्या. त्यांचा ‘पास’चा शिक्का असलेल्या तीन ताक्यांत, म्हणजे कापडाच्या गुंडाळ्यांत, तेलाचे डाग आणि तुटलेले धागे निघाले होते. सुपरवायझरने लेखी कळवलं होतं : ‘मशीन चालू असताना टेबलावर झोपलेल्या दिसल्या.’ आरोपपत्र अजून नव्हतं. काय घडलं एवढंच समजून घ्यायचं होतं. प्रश्न प्रॉडक्शन मॅनेजर विचारणार, ऑफिसचे कागद सांभाळणारी मी उत्तरं लिहिणार. मावशींच्या शेजारी त्यांनीच सोबत आणलेली, पॅकिंगमधली मैत्रीण बसली होती.

“त्या दिवशी काय झालं, सांगा,” मॅनेजर म्हणाले.

मावशींनी काचेपलीकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “कापड बघता बघता मी दुसरीकडंच गेले, साहेब. डोलं मिटलं. मंग उघडलं.”

माझा पेन चालला होता. पलीकडे कापड वाहत होतं. थोड्या वेळाने मी लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. तशी पद्धतच आहे.

“‘काम करताना झोप लागल्याचे कबूल केले.’”

मावशींनी मान वर केली. “ते मी न्हाय बोलले.”

मी कागदाकडे पाहिलं. अक्षर माझंच होतं, पण वाक्य सुपरवायझरच्या चिठ्ठीतलं होतं. त्यांचं बोलणं कानांवर पडलं होतं आणि हाताने मात्र आधी वाचलेलं उतरवलं होतं. ‘कबूल केले’ हे तर कुणीच म्हटलं नव्हतं. मला शरमल्यासारखं झालं.

“अहो मॅडम, अर्थ तोच ना?” मॅनेजर म्हणाले.

“मला माहीत नाही, सर. म्हणूनच त्यांचेच शब्द लिहिते.”

ते वाक्य वाचता येईल अशी एकच रेघ मारून मी खोडलं, बाजूला सही केली, मावशींचीही घेतली. खाली लिहिलं : ‘“कापड बघता बघता मी दुसरीकडंच गेले. डोलं मिटलं. मंग उघडलं,” असे सांगितले.’ मग मॅनेजरची परवानगी घेऊन विचारलं, “दुसरीकडे म्हणजे काय, मावशी?”

“खाडीवर धुकं येतं ना, तसं. कापडाच्या मधीच धुकं येतं. धागा दिसत न्हाय. डोलं मिटून उघडलं का जरा बरं वाटतं. तवर कापड पुढं गेल्यालं असतं.”

मी ‘धुकं’ हाच शब्द लिहिला. ‘दिसत नसल्याचा बहाणा’ नाही, ‘दृष्टिदोष आहे’ असंही नाही. ते ठरवणारी मी डॉक्टर नव्हते.

मॅनेजरचा आवाज आता मऊ झाला होता. “मशीन थांबवली होती का?”

“न्हाय.”

“का?”

“ताके कमी भरले का बोलणी बसतात.”

इथे माझा पेन अडखळला. ‘नाइलाजाने थांबवली नाही’ असं लिहायचा मला फार मोह झाला. तोही शब्द त्यांचा नव्हता. मी लिहिलं : ‘मशीन थांबवली नाही, असे सांगितले. “ताके कमी भरले का बोलणी बसतात,” असे कारण सांगितले.’ पुन्हा सगळं वाचून दाखवलं. मैत्रिणीने कागदावरून बोट फिरवत ते शब्द न् शब्द ताडून पाहिलं. मावशींनी सावकाश सही केली आणि प्रत घडी करून पिशवीत ठेवली.

निर्णय वरच्या साहेबांचा होता. त्यांनी कागद वाचून आधी डोळे तपासायला पाठवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. आरोपपत्र निघालं नाही. मात्र मशीन न थांबवल्याबद्दल आणि दिसत नसल्याचं न कळवल्याबद्दल लेखी समज मिळाली, आणि ऑपरेशन होईपर्यंत त्यांना घडी घालायच्या कामावर हलवलं.

मला वाटलं होतं, त्या खूश होतील. आठवड्याने जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “तुमी मी बोलले तेच लिवलंत, ताई. पण माजं टेबल गेलं.”

“ऑपरेशन झालं की परत मिळेल.”

“मिलंल,” त्या म्हणाल्या. “पण तिथं बरं वाटायचं वो. सगलं पांढरं, हालत्यालं. घरचं काय बी आठवत नसायचं.”

हे कुठल्याच कागदावर आलेलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. त्या कठड्याला धरून, एकेक पायरी चाचपत खाली उतरल्या, आणि मी त्यांच्या मागून तितक्याच हळू गेले.