तोंडाचे कोपरे

बेंगळुरूत मारतहळ्ळीच्या एका पीजीत, नोकरदार मुलांच्या खाणावळीसकट वसतिगृहात, मी स्वयंपाकाला होते. राहायला स्वयंपाकघरामागची खोली होती. काम गेलं असतं तर खोलीही गेली असती आणि गाव लांब, लातूरकडं. मी सातवीतनं शाळा सोडलेली. दुसरं काय करणार, हेच डोक्यात फिरायचं.

थंडीत ओठांची सालं निघायला लागली. इथला वारा कोरडा असतो, म्हणून मी सारखी जीभ फिरवायची. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, मग ओठ आणखी ओढल्यासारखे व्हायचे. पुढं तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना चिरा पडल्या. जांभई आली तरी तोंड हातानं आवळून धरून द्यायची. आमटी तळहातावर घेऊन चाखली की चिंच-तिखट असं झोंबायचं, की डोळ्यांत पाणी. म्हणून मी चाखणंच सोडलं. मीठ अंदाजानं.

सगळ्यात आधी ते नागपूरच्या एका दादाच्या लक्षात आलं. तो कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा आणि जिभेचा मोठा तिखट.

"मावशी, आज आमटीत समुद्र ओतला का? आणि तोंडाला मास्क कशाला? आम्हाला कसली लागण देणार तर नाही ना?"

सगळे हसले. मीही मास्कच्या आत हसले, तर चीर उघडली. मास्क ओला व्हायचा, तोंडाशी घाम आणि लाळ साचायची, पण काढायची सोय नव्हती. एखाद्यानं मालकिणीला सांगितलं, की हिला रोग आहे, तर?

गुपचूप मेडिकलमध्ये गेले. दुकानदाराला म्हटलं, काहीतरी लावायला द्या. त्यानं खाजेची ट्यूब दिली. ती लावली आणि लालपणा उतरला. देवाला हात जोडले. पण लावणं थांबवलं की दुप्पट लाल, म्हणून परत लावली. शेवटी कोपऱ्यांत पांढरा थर धरायला लागला. गावाकडं एकाला तोंडाचा कॅन्सर झाला होता, त्याचीही सुरुवात जखमेनंच, असं मला आठवत राहिलं.

मालकीण अक्का. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत असलेलं मराठी घर, बोलताना कन्नड मिसळायच्या. एका सकाळी त्या स्वयंपाकघरात आल्या आणि सरळ म्हणाल्या, "मास्क काढ."

"अक्का, काही नाही, उष्णता झालीय."

"काढ म्हटलं ना."

काढला. त्या जवळ आल्या, हनुवटी धरून दोन्ही कोपरे बघितले. मी मनात पेटी भरली.

"चल, दवाखान्यात," त्या म्हणाल्या. "आणि भाजीला आज दुसरी बाई येईल. स्वल्प, जरा शांत हो."

दुसरी बाई, एवढंच मला ऐकू आलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी जीभ बाहेर काढायला लावली, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या, ट्यूब हातात घेऊन मान हलवली. त्या कन्नडमध्ये बोलत, अक्का मला मराठीत सांगत. कोपऱ्यांत बुरशी झालीय. ओलावा मिळाला की ती वाढते, आणि या ट्यूबनं वरचा लालपणा दाबला पण आत बुरशीला मोकळं रान दिलं. शिवाय जीभ गुळगुळीत, पापण्या फिक्या, म्हणजे अंगात रक्त आणि बी जीवनसत्त्व कमी असावं. रक्त तपासू, साखरही बघू, कारण साखर वाढली तरी बुरशी अशी परत परत येते.

"अक्का, विचारा ना, कॅन्सर?"

डॉक्टरबाई हिंदीत मलाच म्हणाल्या, तसं काही दिसत नाहीये, पण औषधानंही भरलं नाही तर परत या.

"आणि माझ्या हातचं जेवण?"

जेवणातून हे कुणाला लागत नाही, त्या म्हणाल्या. चिरेला हात लागला तर साबणानं धुवायचा. चाखलेला चमचा परत पातेल्यात घालायचा नाही. ओठाला जीभ लावायची नाही, व्हॅसलिन लावायचं. मग विचारलं, "खातेस काय?"

मी सांगितलं. सगळ्यांचं झाल्यावर बसते. तेव्हा भाजी-डाळ संपलेली असते, मग भात, लोणचं आणि चहा. अक्कांनी माझ्याकडं बघितलं. स्वयंपाक करणारीनं शेवटी बसायचं, हे मला आईनं शिकवलेलं. त्यांच्या घरातही तेच असणार, म्हणून त्यांना कधी खटकलं नसावं.

रिपोर्टमध्ये साखर ठीक, रक्त कमी. लोहाच्या गोळ्या दिल्या, चहाबरोबर नाही घ्यायच्या. बुरशीचं मलम आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्याही दिल्या. बी-कॉम्प्लेक्सनं लघवी हळदीसारखी पिवळी झाली, तेव्हा मी अक्कांकडं धावत गेले. त्या पोट धरून हसल्या. "अगं, गोळीचा रंग आहे तो!"

चिरा हळूहळू मिटल्या. पण त्याआधीच, परत कामावर आले त्या सकाळी, अक्कांनी डाळ, पालक, उसळ वाढलेलं ताट ओट्यावर ठेवलं.

"पहिलं तू जेव."

"अक्का, मुलं थांबलीत."

"थांबू देत."

नागपूरचा दादा दारातून डोकावला. "मावशी, ऑफिसची गाडी येईल हो!"

"येऊ दे," अक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या. "हिचं होईपर्यंत कुणी आत यायचं नाही. सरी? कळलं?"

मी खाली मान घालून जेवले. लाजेनं घास उतरत नव्हता, तरी उतरवला.