आईच्या हिरव्या साडीच्या सावल्या

माझ्या पुतण्याच्या लग्नात आई केळीच्या पानासारखी हिरवी रेशमी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली. कपाळ मोकळं, गळा मोकळा, आणि अंगावर ही अशी साडी. वडील गेल्यापासून आम्ही तिला राखी, बदामी, विटकी अशाच रंगांत पाहिलं होतं. ही साडी तिने स्वतः कुंभकोणमला जाऊन, स्वतः निवडून आणली होती. कुणाला विचारलं नव्हतं. मंडपात कुणी तिला काही बोललंही नाही. आमच्या घराण्यात तोंडावर बोलायची पद्धत नाही. आम्ही फोन करतो.

फोन अण्णाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा. तंजावरात माझा फोटो स्टुडिओ आहे, तेव्हा लग्नाचा अल्बम माझ्याकडून फुकट, हे मी जन्मलो तेव्हाच ठरलं असावं. अण्णाने आधी पानांच्या कागदाची चौकशी केली, मग हवापाण्याची, आणि मग वहिनीच्या माहेरचे काय म्हणतात ते सांगितलं. म्हातारीने निदान नातवाच्या लग्नात तरी मान राखायचा होता, असं काहीतरी. तेव्हा अल्बममध्ये आईची साडी जरा साधी करता येईल का? बिस्किटासारखी?

ज्याला आईसमोर उभं राहून एक वाक्य बोलता आलं नाही, तो आता मला कंप्युटरवर तिची साडी बदलायला सांगत होता. हे मी त्याला म्हणालो का? छे. मी म्हणालो, "दहा मिनिटांचं काम आहे, अण्णा." माझी सगळी फजिती याच वाक्याने सुरू होते.

कपड्याचा रंग बदलायचा तर फोटोवर नव्या रंगाचा एक थर टाकतात. तो थर खालच्या चित्रात कसा मिसळायचा, ते मोडवर ठरतं. मी पहिल्यांदा ह्यू नावाचा मोड लावला, कारण हुशार माणसं ह्यू लावतात असा माझा समज होता. ह्यू वरच्या थरातून फक्त रंगाची जात घेतो. रंगाचा जोर आणि उजेड-अंधार खालचाच ठेवतो. आता बिस्किट म्हणजे मुळात फिका पडलेला नारिंगी. त्याची जात नारिंगी, आणि जोर आईच्या हिरव्या रेशमाचा. साडी जर्द सोनेरी झाली. काठाची जर आणि साडीचं अंग यांत फरक उरला नाही. विधवेला साधी करायला निघालो आणि देवळातली उत्सवमूर्ती करून बसलो. निऱ्यांच्या खोल घड्यांत मात्र तोच नारिंगी अंधारात जाऊन शेणासारखा तपकिरी झाला.

मग सॉफ्ट लाइट. हा जुना रंग पुसत नाही, नुसता वरून उजेड किंवा काळोख चढवतो. फिकं बिस्किट टाकलं तर साडी जरा उजळली, पण हिरवीच राहिली, जणू उन्हात वाळत घातलीय. चिडून गडद करडा टाकला, तर घड्या अशा मिटल्या की निऱ्यांच्या जागी काळे डाग उरले. रेशीम गेलं, डांबर आलं. पांढऱ्या किंवा करड्या कापडाला थोडी रंगाची झाक द्यायची तर या मोडसारखा गुणी दुसरा नाही; पण जिथे आधीच घट्ट रंग बसलाय तिथे तो त्याला हलवत नाही. आईसारखाच.

शेवटी कलर. हा रंगाची जात आणि जोर दोन्ही वरच्या थरातून घेतो, खालचा फक्त उजेड-अंधार ठेवतो. साडी एकदम बिस्किटी झाली. मी स्वतःची पाठ थोपटली. मग मोठं करून पाहिलं. खऱ्या रेशमात घडीच्या आत रंग दाटतो, कडेला चमकतो. इथे घडीच्या आत आणि बाहेर तेवढाच, एकसारखा बिस्किटी. त्यात हिरव्याचा मूळ उजेड बिस्किटापेक्षा कमी, त्यामुळे सावल्या कावेरीच्या गाळासारख्या. मी थराचा जोर सावल्यांत कमी केला, तर तिथून हिरवं डोकावायला लागलं. पुन्हा वाढवला. वरून हलका सॉफ्ट लाइट दिला, तो घड्यांवरून खोडला, उरलेल्या भागात चमक आणली. दहा मिनिटांच्या कामाला तीन दिवस लागले. हे सगळं कशासाठी, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. सावल्या जमल्या, याचाच आनंद इतका होता. अल्बम छापून आले. एक तिरुवैयारुला अण्णाकडे, एक पापनाशमला वहिनीच्या माहेरी.

आई अण्णाकडेच राहते. मी कौतुक करून घ्यायला मुद्दाम गेलो. आईने अल्बम खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पान उलटायची थांबली.

"माझी साडी विटली का रे?"

अण्णा पुढे झाला. म्हणाला, हॉलमधल्या दिव्यांचा परिणाम असतो.

"दिवे माझ्यावरच होते?"

शेजारी नव्या सुनेची साडी लालभडक, व्याह्यांचं उपरणं जांभळं, केळीचे खांबसुद्धा हिरवेगार. अण्णाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. आईने फोटोत स्वतःच्या हनुवटीखाली बोट ठेवलं. तिथे साडीचा हिरवा उजेड कातडीवर पडला होता. मी साडी रंगवली होती. हनुवटी रंगवायची राहिली होती. इतकी वर्षं धंदा करून राहिली होती.

"कुणी केलं?"

अण्णा पंख्याचं बटण शोधायला लागला. मी म्हणालो, "मी."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुझे वडील गेले तेव्हा माझी साडी बदलायला चार बायका लागल्या होत्या. मी सोडत नव्हते. तू एकट्याने बदललीस. शिकल्याचा फायदा."

मग अल्बम मिटून तिने अण्णाच्या हातात दिला. वहिनीने कॉफी आणली. ती मी प्यायलो, कारण न पिता उठण्याएवढं धाडस आमच्या घराण्यात कुणालाच नाही.

पुढच्या आठवड्यात मूळ फोटोची मोठी प्रत काढून मी आईकडे नेली. तिने खिडकीशी धरून पाहिली आणि रंग बरोबर आहे म्हणाली. घरात लावू का, असं मी विचारलं. कुठल्या भिंतीवर, असं तिने विचारलं. घर अण्णाचं, भिंती अण्णाच्या. मी अल्बम पुन्हा छापून देतो म्हणालो, तर म्हणाली, पापनाशमचा परत मागायला तू जाणार आहेस का? मी जाणार नव्हतो, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

"हा तुझ्या दुकानात लाव," ती म्हणाली.

लावला. काउंटरमागे, येणाऱ्याच्या समोरच.

परवा कुंभकोणमचा एक फोटोवाला आला, माझ्याच वयाचा, याच धंद्यात मुरलेला. आईचा फोटो बघत उभा राहिला. मोकळं कपाळ पाहिलं, हिरवं रेशीम पाहिलं, आणि जवळ जाऊन घड्या निरखल्या.

"म्हातारीला हिरवी साडी झकास चढवलीत," तो म्हणाला. "सावली कुठेच मळली नाही. हनुवटीवर झाकसुद्धा दिलीत. कुठला मोड?"

मी म्हणालो, काही केलेलं नाही, ती माझी आई आहे, ती तशीच नेसली होती.

तो हसला, माझ्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, सांगायचं नसेल तर नका सांगू.