तात्यांच्या गोठ्याची भिंत

बैलगाडीनं माझा अख्खा उन्हाळा खाल्ला. चाकाच्या धावेपासून जुवाच्या शिवळांपर्यंत एकेक भाग संगणकात घडवला आणि थ्रीडी मॉडेल विकणाऱ्या वेबसाइटवर टाकला. कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. एका गेमवाल्यानं तेवढं खाली लिहिलं, की एवढे पॉलिगॉन, म्हणजे आकार घडवणारे बारके तुकडे, असलेली गाडी घेतली तर खेळणाऱ्याचा फोन आडवा होईल. बरं बाबा, हलकी करून परत टाकली. तरी ढिम्म!

खपलं काय, तर येडशीजवळच्या आमच्या वस्तीवरच्या गोठ्याच्या भिंतीचं टेक्स्चर, म्हणजे मॉडेलवर चढवायचं पृष्ठभागाचं चित्र. गोठा माझ्या चुलत्यांचा, म्हणजे तात्यांचा. काळा दगड, सांध्यांत वाळलेलं शेवाळ, म्हशींनी अंग घासून तुळतुळीत केलेला पट्टा. सहज म्हणून दर्शनी बाजूच्या एका तुकड्याचे फोटो काढले, सॉफ्टवेअरनं जोडले आणि कडा अशा मिळवल्या, की कितीही लांब पसरली तरी भिंतीला जोड दिसू नये. माणसं ती घ्यायला लागली. जगाला मळकं, गंजकं, फुटकं पाहिजे असतं. चकचकीत काय, संगणक आपलं आपण करतो.

मग एका परदेशी गेम कंपनीचं पत्र आलं. याच भिंतीचा कोपरा, दाराची चौकट, गंजलेलं पत्र्याचं दार, सगळा गोठा त्यांना एका मेळाचा हवा होता. माझ्याकडं स्वतःहून आलेलं पहिलं काम. हे जमलं तर घरात ‘कॉम्प्युटरवर खेळत बसतो’ हे ऐकणं बंद होणार होतं. त्यांची एकच अट: मालकाची लेखी परवानगी.

तात्यांना समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले.

“म्हंजे भिंत इकली का तू?”

“नाही हो. भिंत तुमचीच. त्यांना फक्त तिचं चित्र गेममध्ये वापरायचा हक्क. तेच चित्र पुढं दुसऱ्याला विकायचं नाही, एवढं बंधन.”

“आन् तू?”

“मी कितीही जणांना देऊ शकतो.”

“आयला! दूध असं इकता आलं असतं तर म्या म्हशी कशाला पाळल्या असत्या?” असं म्हणून त्यांनी खुशीत सही ठोकली. “कधी येतुस फोटू काढाया?”

“आभाळ भरून आलं की.” उन्हात काढलं तर सावली फोटोतच चिकटून बसते, मग गेममध्ये रात्र असली तरी भिंतीवर दुपार दिसते. हे सगळं मी त्यांना सांगितलं. भिंतीला हात लावू नका, एवढं मात्र सांगितलं नाही. ते कुणाच्या डोक्यात येणार होतं?

आभाळ आलं. मी कॅमेरा घेऊन पळतच वस्तीवर गेलो आणि जागीच थिजलो. भिंत पांढरीफेक! खाली गेरूचा पट्टा, दाराला निळा ऑइलपेंट, दारासमोर रांगोळी. आणि शेजारी तात्या, धुतलेली टोपी घालून उभे.

“तात्या, काय केलंत हे?”

“काय म्हंजे? भाईरदेशात जानार न्हवं भिंत?”

माझं डोकंच फिरलं. “वाटोळं केलंत! मला ती घाणच पाहिजे होती, ते शेवाळ, तो गंज! कुणी सांगितला होता हा शहाणपणा?” मी लई बोललो. घराच्या दारात उभ्या काकू आत गेल्या. तात्या खुरपं घेऊन आले आणि कोपरा खरवडायला लागले. चुन्याबरोबर शेवाळही खाली पडलं. आत नुसता कोरा दगड. जुने फोटो होते ते त्या एका तुकड्याचे; कोपरा, दार कशाचेच नव्हते. मनानं केलं असतं, तर मेळ लागला नसता.

मी कंपनीला कळवलं, की ती भिंत आता तशी राहिली नाही. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: हरकत नाही, आम्ही दुसऱ्याचा गोठा घेतला. हरकत नाही म्हणे! त्यांना कशाची हरकत असणार?

मी ते तात्यांना वाचून दाखवलं. मुद्दाम. राग गेला नव्हता माझा.

ते धार काढत होते.

“म्या तर पोरीच्या लग्नातबी रंगवली न्हवती रं ती,” ते म्हणाले. “तुझं नाव व्हईल वाटलं.” मग चरवी बाजूला ठेवून भिंतीकडं बघत म्हणाले, “चुना काय, पाण्यापावसानं जातुय. शेवाळबी धरंल परत. लागतील धा-पंधरा वर्सं. म्या काय नसंन तवा. तू काढ फोटू.”